इमारतीच्या इनलेटवर पाण्याचं मीटर, बायपास आणि व्हॉल्व्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या पाण्याच्या लाइनची कामं करताना कमिटीचे लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक ठरावीक इमारत धरली आहे. ४० सदनिका, पालिकेकडून येणारी ५० मि.मी.ची जीआय लाइन, खाली जमिनीतली टाकी, तिथून पंपाने गच्चीवर पाणी, आणि रोज अडीच तास पुरवठा. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं. तुमची इमारत लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, पण कामाची पद्धत तीच राहील.

पालिकेचं मीटर आहेच. मग सोसायटीने दुसरं कशाला बसवायचं, आणि कुठे?

पालिकेचं मीटर बिलासाठी असतं. ते बंद पडलं किंवा चुकीचं फिरलं तर सरासरीने बिल येतं, आणि वाद घालायला तुमच्याकडे स्वतःचा आकडा नसतो. टाकीत रोज खरंच किती पाणी पडतं, टँकर मागवायची वेळ कधी येते, टाकी आणि गच्चीच्या मध्ये पाणी कुठे मुरतं, याची उत्तरं सोसायटीच्या मीटरवरूनच मिळतात.

जागा एकच: पालिकेच्या मीटरच्या पुढे, टाकीच्या आधी. पालिकेच्या मीटरच्या मागच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडच्या भागात, काहीही कापायचं किंवा जोडायचं नाही. तो भाग तुमच्या अखत्यारीत येत नाही, आणि तिथे टाकलेला बायपास, म्हणजे मीटरला वळसा घालून जाणारा पाइप, ही सरळ पाणीचोरी ठरते. पुढचं काम परवानाधारक प्लंबरकडून करून घ्या आणि आराखड्याची एक प्रत पालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयात द्या. उद्या कोणी तपासणीला आलं की लाइनीवरचा बायपास बघून पहिली शंका तुमच्यावरच येणार. आराखडा जमा असेल तर ती तिथेच मिटते.

बायपास लागतोच का? मीटर थेट बसवलं तर काय बिघडेल?

अडीच तास पाणी येणाऱ्या इमारतीत बायपास हवाच, असं माझं ठाम मत आहे. मीटर अडकलं, गाळणी तुंबली किंवा गॅसकेट फाटली तर ते उघडून दुरुस्त करावं लागतं. नेमकं पाणी यायच्या वेळी मीटर उघडून पडलेलं असेल तर ४० घरांचा दिवस कोरडा जातो. मग कोणीतरी घाईने मीटरच्या जागी पाइपचा तुकडा टाकतं आणि तो तुकडा वर्षभर तसाच राहतो. बायपास असला की मीटर निवांत काढता येतं.

मात्र बायपासमधून जाणारं पाणी मोजलं जात नाही. त्यामुळे ‘तो बंद आहे’ असं कोणाच्या तोंडच्या शब्दावर न ठेवता कोणालाही तपासून दाखवता येईल अशी सोय जोडणीतच करून ठेवायची. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्याभोवती आहेत.

कोणता भाग कुठे, कोणत्या क्रमाने?

पाण्याच्या दिशेने चालू या. आधी सोसायटीचा मुख्य व्हॉल्व्ह. त्यानंतर पहिला टी, जिथून बायपास फुटतो. मग मीटरच्या ओळीचा पहिला आयसोलेशन व्हॉल्व्ह, त्याला लागून वाय-स्ट्रेनर म्हणजे गाळणी, मग पाइपचा सरळ तुकडा, मग मीटर, पुन्हा सरळ तुकडा, एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, मग दुसरा आयसोलेशन व्हॉल्व्ह आणि शेवटी दुसरा टी, जिथे बायपास परत येऊन मिळतो.

गाळणी पहिल्या आयसोलेशन व्हॉल्व्हच्या पुढेच हवी. पुष्कळ ठिकाणी ती टीच्या आधी बसवलेली दिसते. तशी बसवली तर जाळी धुवायची असेल तेव्हा सगळ्या इमारतीचं पाणी बंद करावं लागतं, आणि बायपास असून नसल्यासारखा होतो.

मीटरच्या आधी सरळ पाइप किती ठेवायचा, हे मीटरच्या प्रकारावर अवलंबून आहे. मल्टिजेट मीटर त्याबाबत फारसं चोखंदळ नसतं. मोठं वोल्टमन मीटर मात्र असतं, कारण एल्बो किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून गिरकी घेत आलेलं पाणी त्याच्या पात्याला चुकीच्या वेगाने फिरवतं. जागा असेल तर आधी व्यासाच्या १० पट आणि नंतर ५ पट धरा. ४० मि.मी.च्या मीटरला आधी ४०० मि.मी. आणि नंतर २०० मि.मी. सगळं मिळून टी ते टी साधारण पावणेदोन मीटर लांबी लागते. सामान आणायच्या आधी ती भिंतीवर खडूने आखून बघा. नंतर जागा अपुरी पडली की पहिली कात्री याच सरळ तुकड्यांना लागते.

आणखी एक वस्तू, स्वस्त पण फार कामाची: पहिला आयसोलेशन व्हॉल्व्ह आणि मीटर यांच्यामध्ये १५ मि.मी.चा छोटा कॉक. मीटर काढण्याआधी ओळीतला दाब आणि पाणी तिथून सोडून देता येतं.

मीटर किती मि.मी.चं घ्यायचं? लाइन ५० ची आहे म्हणजे मीटरही ५० चंच ना?

तसं नाही. पाइपच्या मापावरून नव्हे, प्रवाहावरून मीटर निवडायचं. आपल्या इमारतीत घरटी ५ माणसं धरली आणि माणशी १३५ लिटर, तर रोजचं पाणी २७,००० लिटर, म्हणजे २७ घनमीटर. ते अडीच तासांत यायचं, म्हणजे ताशी १०.८ घनमीटर.

नव्या पद्धतीच्या मीटरच्या डायलवर ‘क्यू३’ छापलेलं असतं. तो सतत चालू शकणारा प्रवाह. ४० मि.मी.च्या मीटरला तो बहुधा १६ घनमीटर प्रति तास असतो, त्यामुळे १०.८ त्यात आरामात बसतो. ५० मि.मी.चं वोल्टमन घेतलंत तर ते मोठ्या प्रवाहाला उत्तम, पण टाकी भरत आल्यावर फ्लोट व्हॉल्व्हमधून जी बारीक धार चालू राहते ती त्याला नीट कळत नाही. ४० च्या मीटरवर ‘आर ८०’ छापलं असेल तर १६ भागिले ८०, म्हणजे ताशी ०.२ घनमीटर किंवा २०० लिटर, इथपर्यंत ते ठरलेल्या मर्यादेत मोजतं. त्याखाली खात्री नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. मीटर पाण्याचा दाब खातं. मानकाप्रमाणे क्यू३ प्रवाहाला मीटरमध्ये जास्तीत जास्त ०.६३ बार, म्हणजे सुमारे ६.४ मीटर उंचीइतका दाब जाऊ शकतो. दाबातली ही घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १०.८ ला ती फार तर २.९ मीटर येईल. रस्त्यावरच्या लाइनला दाब चांगला असेल आणि टाकी जमिनीत असेल तर हे चालून जातं. दाब मुळातच ५-६ मीटर असेल तर मात्र अडीच तासांत टाकी भरणार नाही. अशा वेळी निवड करण्याआधी लाइनीवर प्रेशर गेज लावून, पाणी चालू असताना दाब बघा. विक्रेत्याकडून त्या मॉडेलचा दाबघटीचा आलेख मागून घ्या. तो नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा.

बायपासचा पाइप लहान चालेल का?

२४ तास पुरवठा असेल तर एक माप लहान चालतो. अडीच तासच पाणी असेल तर नाही. ज्या दिवशी मीटर उघडलेलं असेल त्या दिवशीही टाकी तेवढ्याच वेळात भरायची आहे. म्हणून ५० च्या लाइनीला ५० चाच बायपास.

बायपास मीटरच्या बाजूला, त्याच पातळीवर ठेवा. खाली ठेवलात तर लाइनीतला गाळ त्यात बसतो आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी साचतो.

बायपासवर कोणता व्हॉल्व्ह? गेट व्हॉल्व्ह चालतो का?

मुख्य जागी गेट व्हॉल्व्ह ठीक आहे. बायपासवर मी लावू देत नाही. गेट व्हॉल्व्हची पाचर खालच्या खाचेत जाऊन बसते. महिनोन् महिने न हललेल्या व्हॉल्व्हच्या खाचेत बारीक रेती आणि गंजाचे कण साठतात, पाचर दोन मिलिमीटर वर राहते आणि चाक घट्ट फिरवूनही पाणी जात राहतं. प्लंबर याला ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

बायपासवर फुल बोअरचे दोन बॉल व्हॉल्व्ह लावा, आणि त्या दोघांच्या मधल्या तुकड्यावर, खालच्या बाजूने, १५ मि.मी.चा कॉक. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना हा कॉक उघडला की मधल्या तुकड्यात अडकलेलं थोडं पाणी पडतं आणि मग कोरडं होतं. कोरडं झालं तर दोन्ही व्हॉल्व्ह पक्के बंद आहेत. थेंब पडतच राहिले तर दोघांपैकी एक तरी पास होतोय. ही तपासणी पाणी चालू असताना, पुरवठा न थांबवता, वॉचमनसुद्धा करू शकतो. म्हणूनच दुसऱ्या व्हॉल्व्हचा खर्च मला कधी जास्त वाटला नाही.

दोन्ही हँडलना तार घालून शिशाचं किंवा नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावा. सीलचा नंबर रजिस्टरमध्ये.

एक खबरदारी: बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. झटक्यात बंद केला तर लाइनीत जोरदार धक्का बसतो, जुन्या जीआयचे सांधे सुटतात. मनात दहापर्यंत मोजत हँडल फिरवा.

एनआरव्ही खरंच हवा का?

हवा. पाणी गेल्यावर रस्त्यावरची लाइन रिकामी होते आणि ओढ उलटी लागते. टाकीतल्या इनलेटचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर टाकीतलं पाणी उलटं खेचलं जातं, मीटरही उलटं फिरतं. एनआरव्ही ते थांबवतो. पण खरा उपाय टाकीत आहे: इनलेटचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे मध्ये हवा राहील आणि ओढ लागणारच नाही. बायपास चालू असताना मीटरच्या ओळीतला एनआरव्ही काही उपयोगाचा नसतो, तेव्हा हे हवेचं अंतरच तुमचं रक्षण करतं.

बसवायच्या दिवशी काम कसं करायचं?

पाणी येऊन गेल्यावर, टाक्या भरलेल्या असताना सुरुवात करा. पालिकेच्या मीटरपुढचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करा. जुन्या इमारतीत विजेच्या अर्थिंगला पाण्याचा जीआय पाइप वापरलेला असू शकतो. अशा वेळी पाइप कापण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून कापाच्या दोन्ही बाजू जाड तांब्याच्या तारेने जोडून घ्या. पाइप दुभंगला की दोन टोकं दोन हातांत धरणाऱ्याला झटका बसू शकतो.

सगळी जोडणी आधी मीटरशिवाय करा. मीटरच्या नेमक्या लांबीचा पाइपचा तुकडा, स्पूल पीस, त्या जागी लावा. हे दोन कारणांसाठी. एक, दोन्ही बाजू सरळ रेषेत आल्या की नाही ते कळतं. वाकड्या पाइपला नट आवळून सरळ करायला गेलं की सगळा ताण मीटरच्या पितळी अंगावर येतो, आणि काही महिन्यांनी तिथूनच गळायला लागतं. दोन, आटे पाडताना उडालेला कीस, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि गंज धुऊन काढता येतो. पाणी आलं की स्पूल पीसमधून ते स्वच्छ होईपर्यंत बाहेर सोडा. टाकीत नाही, बाहेर. मग गाळणीची जाळी काढून धुवा आणि त्यानंतर मीटर बसवा.

मीटरवरचा बाण पाण्याच्या दिशेने, डायल आकाशाकडे. मीटर कलतं राहिलं तर आतला फिरता भाग एका बाजूने घासतो आणि बारीक प्रवाह मोजणं सुटतं. मीटरच्या दोन्ही बाजूंना पाइपखाली आधार हवा, विशेषतः लाइन एचडीपीई किंवा पीव्हीसीची असेल तर. मीटरचं वजन सांध्यांनी उचलायचं नसतं.

पहिल्यांदा पाणी सोडताना पुढचा आयसोलेशन व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवा आणि मागचा अगदी हळू उघडा. आतली हवा निघून गेली की दोन्ही पूर्ण उघडा. ‘पूर्ण’ महत्त्वाचं. प्रवाह कमी करायला मीटरमागचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवायची सवय आकड्यालाच बिघडवते.

पाणी यायच्या आधीच मीटर गरागरा फिरतं. का?

हवा. रोज लाइन रिकामी होते, दुसऱ्या दिवशी पाणी ती हवा पुढे ढकलत येतं आणि मीटर तिलाही पाणीच समजून मोजतं. बघायचं असेल तर पाण्याच्या वेळी मीटरपाशी उभं राहा: टाकीतल्या पाइपातून फुसफुस आवाज येत असेल, थेंब नसेल, आणि डायलवरची छोटी लाल चक्री पळत असेल तर तो आकडा हवेचा. रोजच्या रोज तसं होत असेल तर हवा जात असते त्या मिनिटांच्या आधी आणि नंतर वाचन घेऊन फरक लिहा.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र. मीटर ओळीतल्या खालच्या भागात ठेवा आणि पुढचा पाइप वर चढवून मगच टाकीत न्या, म्हणजे मीटर कायम पाण्याने भरलेलं राहील. आणि मीटरच्या आधी, लाइनीच्या उंच जागी, स्वयंचलित एअर व्हॉल्व्ह बसवा. तो जमिनीच्या वरच हवा. चेंबरमध्ये बुडालेला एअर व्हॉल्व्ह पाणी जाताना चेंबरमधलं घाण पाणी आत ओढतो.

मीटर आणि टाकीचा हिशेब जुळत नाही. दोष मीटरचा की बायपासचा?

हे शोधायला महागडं उपकरण लागत नाही. टेप, पेन आणि वरचा पंप बंद ठेवायची परवानगी पुरते.

आपल्या इमारतीची टाकी आतून ४ मीटर गुणिले ३ मीटर आहे, म्हणजे तळ १२ चौरस मीटर. आत कॉलम असतील तर त्यांचं क्षेत्रफळ वजा करा. पंप बंद ठेवून पातळी ५० सें.मी. चढू द्या. १२ गुणिले ०.५ म्हणजे ६ घनमीटर, ६,००० लिटर. ताशी १०.८ च्या प्रवाहाला त्याला ३३-३४ मिनिटं लागतात. समजा मीटरने तेवढ्या वेळात ५.६४ घनमीटर दाखवलं. ३६० लिटर कमी, म्हणजे ६ टक्के. चांगल्या मीटरची मुभा या प्रवाहाला २ टक्के. पातळी मोजण्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर आणखी १ टक्का. ६ टक्के त्यात बसत नाहीत. १०-१५ सें.मी. चढीवर हीच तपासणी केलीत तर मात्र मोजण्यातलीच चूक एवढी मोठी होते की निष्कर्ष काढू नका.

आता दोष वेगळा करायचा. बायपास बंदच ठेवून मीटरच्या दोन्ही बाजूंचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकीच्या झाकणातून टॉर्च मारून इनलेटकडे बघा. धार पूर्ण थांबली तर बायपास पक्का आहे, मीटर तपासायला पाठवा. धार चालू राहिली तर बायपास पास होतोय.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. या तपासणीत बायपासच्या व्हॉल्व्हवर लाइनीचा पूर्ण दाब येतो. रोजच्या चालू स्थितीत त्यावर फक्त मीटर आणि गाळणी मिळून जो दाब खातात तेवढाच फरक असतो, दोन-तीन मीटर. म्हणून तपासणीत दिसणारी धार रोजच्या गळतीपेक्षा मोठी असते. ती बादलीने मोजून ‘रोज एवढं पाणी जातं’ असं सांगू नका. खरा आकडा टाकीच्या हिशेबातला: ६ टक्के, २७,००० लिटरवर १,६०० लिटरच्या आसपास. याच कारणाने गाळणी तुंबत गेली की पास होणारा बायपास जास्त पाणी नेऊ लागतो, आणि मीटरचा आकडा महिन्यागणिक घसरत जातो. अशी उतरण दिसली तर आधी जाळी धुवा, मग टाकीचा हिशेब पुन्हा करा.

पाण्याचा जोर कमी झाला. बायपास उघडला की जोर परत येतो. मग उघडा ठेवला तर?

ठेवू नका. बायपासने जोर परत येणं ही तुंबलेल्या गाळणीची सर्वात स्पष्ट खूण आहे, त्याहून जास्त काही नाही. दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा, कॉकमधून दाब सोडा, वाय-स्ट्रेनरचं बूच उघडा, जाळी ब्रशने धुवा. अर्ध्या तासाचं काम आहे. रस्त्यात कुठे पाइप फुटून दुरुस्ती झाली की त्यानंतरच्या आठवड्यात जाळी हमखास भरते, तेव्हा ती मुद्दाम बघा.

जाळीला भोक पडलं असेल तर ती बदला. जाळीच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुढचा खडा थेट मीटरच्या पात्यावर जाईल.

बायपास कधी उघडायचा आणि त्याची नोंद कशी ठेवायची?

मीटर किंवा गाळणी दुरुस्तीला उघडली असेल तेव्हाच. रजिस्टरमध्ये उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, दोन्ही वेळचं मीटर वाचन, टाकीची पातळी आणि नव्या सीलचा नंबर लिहा. पातळीवरून त्या वेळात न मोजलेलं पाणी काढता येतं आणि महिन्याचा हिशेब तुटत नाही.

बराच काळ बंद असलेल्या बायपासमधलं पाणी शिळं असतं, त्यात गंज उतरलेला असतो. वापरण्याआधी मधल्या कॉकमधून ते बाहेर सोडून द्या.

मीटर चेंबरमध्ये ठेवायचं की वर?

जमिनीच्या वर, जाळीच्या कुलूपबंद पेटीत. पावसाळ्यात चेंबर भरतो, डायल धूसर होतो, आणि पाणी गेल्यावर लाइनीत ओढ तयार झाली की सैल सांध्यांतून तेच साचलेलं पाणी पिण्याच्या लाइनीत शिरतं. जागेअभावी चेंबरच करावा लागला तर तळाला निचऱ्याचा पाइप द्या, आणि पान्याला फिरायला मीटरच्या दोन्ही अंगांना हातभर जागा ठेवा.

लाइनीवर मोटर लावून मीटरमधून पाणी खेचलं तर टाकी लवकर भरेल ना?

पालिकेच्या लाइनीवर थेट मोटर लावायला मनाई आहे. शिवाय तिच्या ओढीने बाहेरचं घाण पाणी सैल सांध्यांतून आत येतं आणि शेजारच्या इमारतींचा दाब पडतो. पाणी कमी येत असेल तर गेजवरचा दाब आणि मीटरवरचं रोजचं वाचन, दोन्ही तारखांसह लिहून पालिकेच्या कार्यालयात अर्ज द्या.